चारशे माणसांची मासवडी

जुन्नरहून काही निरोप आला की ठमाबाईचा दिवस बदलायचा. नवरा बहिरू गेल्यानंतर शिनोलीच्या घराचा कारभार तिच्याच हातात राहिला होता. दीर संपत तिला विचारल्याशिवाय कांदाचाळीतला कांदा हलवत नसे. पण माहेरचा फोन वाजला की ती अजूनही हातातलं काम खाली ठेवून उभी राहायची. भाऊ भिमाजी मागच्या वर्षी गेला, भावजय त्याच्या आधीच. आता माहेर म्हणजे त्याला दादा म्हणणारी त्याची दोन मुलं, आदेश आणि हर्षाली. हर्षालीचं लग्न पुण्याच्या मुलाशी जमलं होतं आणि येत्या रविवारी जुन्नरला साखरपुडा होता.

त्याच संदर्भात आदेशचा मेसेज आला होता. चांगला मोठा, बोट वर सरकवावं तरी संपेना असा. ठमाबाईनं तो सकाळी गोठ्यापाशी वाचला, मग देवापुढं बसून वाचला, आणि दुपारची जेवणं झाल्यावर पडवीत सगळे बसले तेव्हा पदराला बोटं पुसून फोन अक्षदाच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाच गं. मला मधले शब्द नीट लागत न्हाईत."

शब्द तिला चांगले लागले होते. ते घरच्यांच्या कानावर पडावेत, एवढंच तिला हवं होतं. अक्षदा संपतची सून. ठमाबाईला ती मोठी आई म्हणायची. तिचा चेहरा बघून अक्षदाला ते कळलं, आणि तिनं बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज लावला.

"आत्या, साष्टांग नमस्कार. आज तुझ्याविषयी मनापासून लिहावंसं वाटलं. आपल्या सगळ्या गोतावळ्यात माणसं धरून ठेवणारी तुझ्यासारखी दुसरी बाई नाही. दादा दवाखान्यात होते तेव्हा रोज शिनोलीहून तुझा डबा यायचा. शेवटी शेवटी दादांना फक्त तुझ्या डब्यातलंच जात होतं. हे मी कधीच विसरणार नाही. तुझ्या हातच्या मासवडीला तर दोन तालुक्यांत तोड नाही. तू साक्षात अन्नपूर्णा आहेस. तू आजवर कुणाला नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही."

इथं अक्षदा थांबली. संपतनं सुपारी कातरता कातरता अडकित्ता आडवा धरला.

"थांबलीस का? गाडी आत्ता कुठं घाटाला लागली."

"म्हणूनच हक्कानं सांगतोय," अक्षदानं पुढं वाचलं. "हर्षालीच्या साखरपुड्याला साधारण चारशे माणूस होईल. बाकी स्वयंपाक आचारी करतोय, पण मासवडी तेवढी तुझ्या हातची पाहिजे. पुण्याच्या पाहुण्यांना मी तसं सांगूनच ठेवलंय, ते फार आनंदात आहेत. तुझ्यासाठी हा डाव्या हाताचा खेळ आहे. आचाऱ्याला सांगायचंय, तेव्हा संध्याकाळपर्यंत हो कळव. तुझा लाडका आदेश."

 रस्त्यावरून भीमाशंकरकडं जाणाऱ्या गाड्या एकामागं एक गेल्या. सांडग्यांच्या पाटीपाशी साळूबाई बसली होती, संपतची बायको, ठमाबाईची धाकटी जाऊ. तिनं मान वर केली नाही.

"लेकरू लई गुणाचं," ठमाबाई म्हणाली. "भावाच्या मागं आत्याला एवढं कोन मानतं हल्ली?"

"वहिनी, राग येनार नसंल तर बोलू?"

"राग येईल असंच बोलनार तुमी. बोला."

"बेल्ह्याच्या बाजारात आपुन बैल घेऊन उभं ऱ्हातो," संपत म्हणाला. "एक जन येतो, बैलाचं दात बघतो, खूर बघतो, दोन खोडी काढतो. त्यो खरा गिऱ्हाईक. दुसरा येतो, त्यो बैलाकडं बघतच न्हाई. म्हनतो, मालक, काय तुमची देखभाल, काय तुमचं घरानं! मी लगेच खिशावर हात ठेवतो."

"माझा भाचा म्हंजी बाजारातला दलाल झाला व्हय?"

"मी तसं म्हनलं न्हाई."

"तसंच म्हनलात."

ठमाबाईनं फोन परत घेतला आणि मांडीखाली ठेवला. संपतचं तिला मनाला लागलं. पण खरं टोचलं ते वेगळंच होतं. सकाळपासून तिनं तो मेसेज दोनदा वाचला होता, आणि दोन्ही वेळा 'म्हणूनच हक्कानं' इथपर्यंत सावकाश वाचून पुढचं घाईघाईनं उरकलं होतं. चारशे हा आकडा तिच्या कानांनी आत्ता पहिल्यांदा नीट ऐकला.

"मोठ्या आई, एक करून बघू?" अक्षदा म्हणाली. "मेसेजमधलं कौतुक सगळं काढून टाकते. उरेल तेवढंच सांगते. मग हो म्हणा, नाही म्हणा, तुमची मर्जी."

"काढ."

अक्षदानं फोन मागून घेतला, मनाशी जुळवलं आणि सरळ आवाजात म्हणाली, "रविवारी चारशे माणसांच्या मासवड्या करून द्या. आम्ही तुम्हाला न विचारता पाहुण्यांना सांगून टाकलंय. संध्याकाळपर्यंत हो म्हणा."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

 असाच निरोप गावातल्या दुसऱ्या कुणी धाडला असता तर तिनं निरोप्याला चहासुद्धा विचारला नसता.

चारशे माणसांच्या मासवड्या म्हणजे काय, हे त्या पडवीत सगळ्यांना माहीत होतं. एका गुंडाळीचे दहा-बारा तुकडे; माणशी तीन तुकडे धरले तरी शंभराच्या वर गुंडाळ्या. आधी तीळ, खसखस आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, लसूण-कोथिंबीर घालून सारण करायचं. ते एकवेळ आदल्या दिवशी जमतं. खरी परीक्षा बेसनाची. उकळत्या पाण्यात पीठ सोडून गुठळी न होऊ देता घोटायचं, आणि वाफ निघत असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापून, सारण भरून गुंडाळायचं. गार झालं की ते थापलं जात नाही, तडकतं. म्हणजे एका वेळी दोन-तीन गुंडाळ्यांपुरतंच घोटता येतं. तसं शंभर गुंडाळ्या होईपर्यंत.

"आचाऱ्याला एक मोठं पातेलं घोटायला सांगितलं तर?" अक्षदानं विचारलं.

"मग पाहुन्यांनी बेसनाच्या विटा खाव्या," साळूबाई पाटीवरून म्हणाली. आतापर्यंत ती एवढंच बोलली.

"आता कौतुक बघू," अक्षदा म्हणाली. तिला या कामाची गोडी लागली होती. "एकेक वाक्य धरू. डब्याचं खरं आहे?"

"खरं हाय," ठमाबाई म्हणाली. "रोज यष्टीनं जायचा. भिमाजी दुसऱ्या कुनाच्या हातचं खाईना."

"अन्नपूर्णा?"

"ते सोड. बोलायची रीत हाय ती."

"तू कुणाला नाही म्हटल्याचं पाहिलं नाही?"

"ह्ये बी खरंच की."

"हे कौतुक नाही, मोठ्या आई," अक्षदा म्हणाली. "कडी घातलीय ही. हे वाचून झाल्यावर तुम्ही नाही कशा म्हणणार? म्हणालात तर पहिल्यांदा नाही म्हणणाऱ्या तुम्हीच ठरणार."

"आनि डाव्या हाताचा खेळ!" संपत म्हणाला. "वहिनी, काम हलकं म्हनलं की आभार बी हलकं. उद्या शंभर गुंडाळ्या थापून कंबर धरून बसाल, तर म्हनतील, आत्याला काय, सवय आहे."

"तुमाला दोघान्लाबी आदेश वाईटच दिसतोय," ठमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता ताठा कमी आणि कळवळा जास्त होता. "त्यो पोर आईबापाविना भैनीचं लगीन करतोय. त्याच्या जिवाची काय घालमेल असंल."

आणि तेव्हा, कुणाला वाटलं नव्हतं अशा बाजूनं तिला आधार मिळाला.

"आदेश वाईट न्हाई," साळूबाई म्हणाली. सांडग्याचं पीठ लागलेलं बोट तिनं तसंच हवेत धरलं होतं. "लबाड मानूस थोडक्यात लिहितो. ह्यानं एवढं लांबन लावलं, कारन मागायची लाज वाटली. डबा परत द्यायला यायचा तवा दारात किती येळ उभा ऱ्हायचा, आठवतंय? पानी पायजे म्हनायला बी त्याला धा मिन्टं लागायची."

संपत हसला. "म्हंजी तू वहिनीच्या बाजूला?"

"मी सांडग्याच्या बाजूला हाय. ऊन चाललंय."

ठमाबाईला एकदम हलकं वाटलं. घरात फूट नव्हती. साळू बरोबर असली की चारशेही जमतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. हर्षाली नाकीडोळी भिमाजीसारखी. पुण्याच्या माणसांसमोर तिच्या ताटात शिनोलीची मासवडी पडावी, आणि कुणीतरी म्हणावं, ही मुलीच्या आत्याच्या हातची. त्या एका वाक्यासाठी तिनं कंबर मोडून घेतली असती. ती सरकून साळूबाईच्या पाटीपाशी बसली आणि न सांगता दुसऱ्या बाजूनं सांडगे घालू लागली.

"साळू," ती म्हणाली, "खरं सांगू? बेसन घोटावं तर तुजं. गुठळी म्हनून दिसत न्हाई. आनि थापनं तर असं की फडक्याची ईण वडीवर उमटावी. मी एवढ्या जनींच्या हातचं खाल्लं, पन तुज्यासारखा हात मी कुटं बघितला न्हाई. तुला कंटाळा म्हनून ठावूकच न्हाई. तू हाईस म्हनून ह्या घराचं—"

साळूबाईनं बोटं पाटीच्या काठाला पुसली आणि तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. डोळे मात्र हसत होते.

"बाई, झालं का? आता काय मागायचंय त्ये मागा."

संपतच्या तोंडातली सुपारी घशात जाता जाता राहिली. अक्षदानं तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलायचे थांबेनात. ठमाबाई क्षणभर कुणाकडं बघावं ते न कळून सांडग्यांकडंच बघत राहिली. मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता कानशिलं गरम झाली.

कारण आदेशनं जे चुकून केलं होतं, तेच ती आत्ता चांगलं समजून उमजून करत होती.

साळूबाईच्या हाताचं जे बोलली ते खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. या घरातून बाहेर जाणारा डबा थोरलीच्या नावानं जायचा, ही रीत त्यांच्या सासूच्याही आधीपासूनची. दवाखान्यात डबा गेला तो 'ठमाबाईचा डबा'. जत्रेला पाहुणे जेवले ते 'ठमाबाईच्या हातचं'. वाटण, सारण आणि रस्सा तिचाच होता, त्यात शंका नाही. पण बेसन घोटणं आणि थापणं साळूबाई या घरात आल्यापासून साळूबाईचं. मासवडी ज्यामुळं मासवडी होते ते काम धाकटीचं, आणि नाव थोरलीचं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं; रीतच तशी होती. आदेशही त्या रीतीप्रमाणंच लिहून बसला. अर्धं कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलं होतं, आणि त्या कौतुकाच्या जोरावर मागितलेलं सगळं घोटणं मात्र साळूबाईच्या खांद्यावर पडणार होतं. तिला यात कुणी काही विचारलंच नव्हतं. आदेशनं नाही, आणि सकाळपासून ठमाबाईनंही नाही.

"साळू, मी तुला इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई इचारलं."

"तुजी काय मर्जी?"

"आदी नीट इचारा. गूळ न लावता."

ठमाबाईनं पदर सावरला. परक्या घरी मुलगी मागायला गेल्यासारखी ती बसली होती. "माज्या भाचीच्या साखरपुड्याला मासवडी करायची हाय. सारन, रस्सा माजा. घोटनं-थापनं तुजं. तू न्हाई म्हनलीस तर मी आदेशला न्हाई कळवीन, आनि न्हाई कुनामुळं ते सांगनार न्हाई. करशील का? किती करशील?"

 साळूबाईनं उजवा खांदा थोडा मागं घेऊन फिरवला. कांदे भरल्यापासून तो तिला दुखत होता, हे संपतला माहीत होतं, अक्षदाला माहीत होतं. ठमाबाईला ते दिसलं आणि ती बोलली नाही. आता एकही गोड शब्द बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"चारशे न्हाई," साळूबाई म्हणाली. "मला झेपनार न्हाई, आनि झेपलं तरी शेवटच्या पंगतीला वडी गारढोन जाईल. नवऱ्यामुलाकडचे किती?"

"साठ-सत्तर," अक्षदा म्हणाली. "हर्षालीनं मला सांगितलंय."

"त्येवढ्यान्ला करू. बाकीच्यान्ला आचारी काय त्ये करंल. आनि घोटायला दोन दांडगे हात पायजेत. मी थापीन. घोटायचं आदेशनं."

"आदेशनं?" संपत म्हणाला. "त्यो खताचं दुकान चालवनारा!"

"पोतं उचलतो ना? मग घोटायचा डाव बी उचलंल."

ठमाबाईला पुन्हा माहेर आठवलं. आदेश पाहुण्यांना शब्द देऊन बसला होता. तो खोटा पडणार होता. "पर त्यानं सांगितलंय त्यान्ला—"

"त्यानं सांगितलंय, वहिनी. तुमी न्हाई," संपत म्हणाला. यावेळी त्याचा आवाज मऊ होता. "दिलेला शब्द त्याचा. त्यो मोडायचा का जोडायचा, त्याला ठरवू द्या."

"आणि एक बघा," अक्षदा म्हणाली. "तुम्ही नाही म्हटल्यावर तो काय म्हणतो, तेवढं ऐका. मागणी गेल्यावर कौतुक मागं राहतं का, त्यावरून कळेल ते कशासाठी होतं."

या एका गोष्टीची ठमाबाईला खरी भीती होती. खांदा, कंबर, चारशे माणूस, हे सगळं तिनं कसंही निभावलं असतं. पण भाच्याचं प्रेम त्या मासवडीपुरतंच निघालं, तर भिमाजीमागं माहेर उरलं कुठं? मेसेजला हो लिहून टाकलं असतं तर हे कधी कळलंच नसतं, आणि न कळणं जास्त सोपं होतं. तिचं बोट फोनवर थोडा वेळ नुसतं राहिलं. मग तिनं मेसेजला उत्तर न लिहिता फोनच लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करायला अक्षदाच्या हातात दिला.

"आत्या!" आदेशचा आवाज आला. मागं दुकानात कुणीतरी पोती मोजत होतं. "मेसेज वाचलास ना? मी पाच वेळा लिहून पुसला गं. काय म्हणतेस?"

"चारशेचं मला जमनार न्हाई, बाळा."

पलीकडं पोती मोजणारा आवाज चालू राहिला. आदेशचा बंद झाला.

ठमाबाईनं कारणं सांगायला तोंड उघडलं, पण संपतनं हातानं थांब म्हणून खूण केली. ती थांबली.

"बरं," आदेश म्हणाला. "मी आधी विचारायला पाहिजे होतं. आमच्याकडं जेवायला बसले होते ते लोक, विषय निघाला, आणि मी फुशारकीत बोलून गेलो. मी सांगतो त्यांना." मग तो हळू म्हणाला, "पण आत्या, ते डब्याचं मी मासवडीसाठी नव्हतं लिहिलं हां. दादांना शेवटचा घास तुझ्याच डब्यातला गेला. तुला सांगायचं राहिलं होतं. मागायच्या निमित्तानं ते लिहिणं झालं एवढंच. तू नुसती ये रविवारी. आदल्या दिवशीच ये."

ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"माजं ऐकून घे," ती म्हणाली. "तू लिहिलंस त्यातलं निम्मं माजं न्हाईच. डब्यात सारन, रस्सा माजा असायचा. बेसन साळूचं. मासवडी तिच्या हाताची, नाव घराचं म्हनून माजं. तवा तुला काय मागायचं तर तिला माग. मी फोन देते."

"साळूमावशी?" आदेश गोंधळला. तो कसाबसा सावरल्याचं त्याच्या आवाजात सगळ्यांना कळलं. "मावशी, खरंच मला माहीत नव्हतं. तुमच्या हाताला तर—"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," साळूबाई म्हणाली. तिनं फोन कानाला लावला नाही, पाटीच्या कडेला टेकवून ठेवला. "नवऱ्याकडची मानसं सत्तर धरते. तेवढ्यान्ला करते. शनवारी तू शिनोलीला यायचं, बेसन घोटायला. हर्षालीला बी आन. तिनं बघून ठेवलेलं बरं. दुपारनंतर आलास तर काय उपेग न्हाई."

"येतो. सकाळीच येतो." आदेशच्या आवाजात पहिल्यांदा हसू होतं. "मावशी, मग पाहुण्यांना काय सांगू? मी तर सगळ्यांना आत्याच्या हातची म्हणून सांगितलंय. कुणाचं नाव सांगू?"

संपत आणि अक्षदा दोघंही ठमाबाईकडं बघू लागले. साळूबाई मात्र फोनकडं बघत होती. तिनं थोडा विचार केला.

"दोघींचं सांग," ती म्हणाली. "पन आदी माजं."

ठमाबाईनं पुढं वाकून फोन स्वतःकडं ओढला.

"ऐकलंस का रे? तसंच सांग."